‘तिसरं लागलं’ म्हणजे तीन पूर्ण नव्हे: परदेशी खेळण्याच्या खोक्यावरचा इशारा कसा वाचायचा

मार्चमध्ये परभणीला वहिनीच्या नातवाचा वाढदिवस झाला. दोन वर्षं पूर्ण झाली. पुण्याहून आलेल्या मामानं मासे पकडायचा खेळ आणला होता. बटण दाबलं की निळी थाळी गोल फिरते, मासे तोंड उघडतात-मिटतात आणि लोहचुंबक लावलेल्या काठीनं ते उचलायचे. खोका परदेशी, वर रंगीत चित्रं, कोपऱ्यात ‘3+’, आणि मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत चार ओळी. मी तो खोका उलटा करून वाचत बसले तेव्हा वहिनी म्हणाली, “ताई, तुम्ही पण ना. लेकराला तिसरं लागलं की आजपासून. तीनच्या पुढचंच आहे ते.”

वस्तूंच्या वेष्टनावरचा मजकूर मराठीत करून देणं हे माझं रोजचं काम आहे. असे इशारे मी कित्येक वेळा मराठीत उतरवले असतील. तरी इंग्रजीतला ‘तीन’ आणि आपल्या घरातला ‘तीन’ यांत अख्ख्या एका वर्षाचा फरक पडतो हे मला त्या दिवशी वहिनीनं दाखवून दिलं. हा लेख त्या चार ओळींवर आहे.

आधी वयाचा हिशेब

आपल्याकडे लेकराचं वय चालू वर्षानं सांगतात. दोन पूर्ण झाली की ‘तिसरं लागलं’. कुणी विचारलं, कितीचा आहे, तर आजी सरळ ‘तीन’ म्हणून मोकळी होते. खोक्यावरचं वय मात्र पूर्ण झालेल्या वर्षांचं असतं. युरोपातून येणाऱ्या खोक्यावर तर पुष्कळदा वर्षं सोडून थेट ‘36 महिने’ लिहिलेलं असतं, म्हणजे घोळ नको.

समजा, लेकरू मार्च 2024 चं आहे. मार्च 2026 मध्ये त्याला ‘तिसरं लागलं’. खोक्याच्या भाषेत ते अजून दोन वर्षांचं आहे. त्याचे 36 महिने मार्च 2027 मध्ये भरतील. मधलं सगळं वर्ष हे खेळणं त्याच्यासाठी नाही, आणि नेमकं याच वर्षात लेकरू घरभर फिरतं, वाकून प्रत्येक गोष्ट उचलतं आणि तोंडात घालून बघतं.

म्हणून ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ हे भाषांतर मला आता अपुरं वाटतं. ‘तीन वर्षं पूर्ण न झालेल्या लेकराला देऊ नका’ असं लिहिलं तर आजीचाही गोंधळ होत नाही. आणि ‘योग्य नाही’ असंही लिहू नये. आपल्याकडे ‘हे तुला योग्य नाही’ म्हणजे शोभत नाही असं ऐकू येतं. इथे सांगायचंय ते ‘देऊ नका’.

आकडा कशाचा आहे?

बहुतेकांना वाटतं की 3+ म्हणजे खेळ समजायला लागणारी अक्कल. काही आकडे तसे असतातही. पुठ्ठ्याच्या कोड्यावर 6+ असेल तर पाच वर्षांच्या पोरीला ते जमणार नाही, ती कंटाळेल, एवढंच. पण त्याच खोक्यावर बारीक अक्षरांत ‘तीन वर्षांखाली नाही’ असा इशाराही असेल तर तो आकडा निराळा. पहिला आकडा सल्ला आहे, दुसरा मनाई आहे. मोठ्या अक्षरातला सल्ला वाचून बारीक अक्षरातली मनाई सुटते, हे सगळीकडे होतं.

त्या मनाईमागे एक माप आहे. खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत धातूची एक छोटी नळी असते. आतून 31.7 मिलिमीटर रुंद. तळ तिरपा, म्हणून एका बाजूनं ती 25.4 मिलिमीटर खोल आणि समोरच्या बाजूनं 57.1. तीन वर्षांखालच्या लेकराचा घसा पूर्ण ताणला तर साधारण केवढा होईल, त्यावरून हे माप ठरवलंय. खेळण्याचा सुटा तुकडा कसाही, आडवा-उभा-तिरपा धरून, पण न दाबता या नळीत टाकायचा. तो अख्खा आत गेला, काठाच्या वर काही उरलं नाही, तर तो ‘बारीक तुकडा’. इंग्रजी खोक्यावर ‘स्मॉल पार्ट्स’ लिहितात ते हेच. अमेरिका, युरोप, भारत, तिन्हीकडे हीच नळी वापरतात.

फक्त सुटे तुकडेच टाकतात असं नाही. तीन वर्षांखालच्या लेकरासाठी म्हणून बनवलेलं खेळणं आधी उंचावरून पाडतात, पिळतात, ओढतात, दाबतात, म्हणजे लेकरू घरात जे जे करील ते सगळं. त्यातून डोळा निघाला, चाक सुटलं, टवका उडाला, तर तोही नळीत टाकून बघतात. आत गेला तर ते खेळणं त्या वयासाठी विकता येत नाही, मग इशारा छापा की नका छापू. इशारा छापून विकायची सूट आहे ती तीन वर्षांपुढच्या मुलांच्या खेळण्याला.

थोडक्यात, खोक्यावर ‘बारीक तुकडे, तीन वर्षांखाली नाही’ दिसलं की समजायचं: यातला निदान एक तुकडा लेकराच्या घशात मावतो, हे बनवणाऱ्याला माहीत आहे आणि तो ते तुम्हाला सांगतोय.

तीनच का?

कारण तोवर दाढा पुऱ्या आलेल्या नसतात. दुधाच्या शेवटच्या दाढा अडीच-तीन वर्षांच्या आसपास येतात. पुढच्या दातांनी लेकरू तुकडा तोडतं, पण बारीक करू शकत नाही. गिळताना श्वासाची वाट वेळेवर झाकायची सवयही अजून पक्की नसते. श्वासनळी साधारण त्याच्याच करंगळीएवढी, आणि खोकून तुकडा बाहेर फेकायचा जोर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी कमी. त्यात, या वयात तोंड हेच वस्तू ओळखायचं साधन असतं.

तिसऱ्या वाढदिवसाच्या सकाळी घसा एकदम मोठा होत नाही, हे खरंच आहे. कुठेतरी रेघ मारावी लागते म्हणून ती तिथे मारलीय. साडेतीन वर्षांचं लेकरू अजून सगळं तोंडात घालत असेल, तर त्याच्यासाठी ही रेघ आणखी पुढे आहे असं धरा. उलटं, ती मागे ओढायची सोय मात्र नाही.

‘चोकिंग’ला मराठीत काय म्हणायचं?

सगळ्यात जास्त नुकसान या शब्दानं होतं. बहुतेक मराठी वेष्टनांवर ‘गुदमरण्याचा धोका’ छापतात. वाचणाऱ्या आईला वाटतं, खेळण्याला काहीतरी वास येत असेल, किंवा पिशवी डोक्यात घालू नये असं म्हणायचं असेल. इंग्रजी खोक्यांवर तीन वेगळे धोके तीन वेगळ्या शब्दांनी लिहितात आणि आपण तिन्हीला ‘गुदमरणे’ म्हणून टाकतो.

‘चोकिंग’ म्हणजे वस्तू घशात अडकून श्वास बंद होणे. धोका तुकड्याचा आहे. ‘सफोकेशन’ म्हणजे नाक-तोंड झाकलं जाऊन हवा न मिळणे. तो धोका प्लास्टिकच्या पिशवीचा, म्हणून पिशवीवर हा शब्द असतो. ‘स्ट्रँग्युलेशन’ म्हणजे गळ्याला फास बसणे. तो धोका लांब दोरीचा, ओढायच्या गाडीच्या सुतळीचा, पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याच्या दोरीचा. तिन्ही ठिकाणी आईनं काय करायचं ते वेगळं आहे. पहिल्यात तुकडा दूर ठेवायचा, दुसऱ्यात पिशवी लगेच फेकायची, तिसऱ्यात दोरी कापायची किंवा उंच बांधायची. तिन्हींना एकच शब्द वापरला तर यातलं काहीच कळत नाही.

‘ठसका’ हा शब्दही इथे चालत नाही. ठसका लागलेलं लेकरू खोकतंय, म्हणजे हवा आत-बाहेर होतेय. घसा पूर्ण बंद झालेलं लेकरू खोकत नाही.

खोक्यावरच्या ओळी, आपल्या भाषेत

अमेरिकेच्या नियमानं छापलेल्या खोक्यावर काळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह आणि शेजारी ‘वॉर्निंग: चोकिंग हॅझर्ड, स्मॉल पार्ट्स. नॉट फॉर चिल्ड्रन अंडर 3 इयर्स’ असं असतं. 1994 च्या कायद्यापासून ते तिकडे सक्तीचं आहे. मी ते असं लिहीन: “सावधान. यात बारीक तुकडे आहेत. ते लेकराच्या घशात अडकून श्वास बंद होऊ शकतो. तीन वर्षं पूर्ण न झालेल्या लेकराला देऊ नका.” मूळ ओळीपेक्षा लांब झालं, होऊ द्या. आईला धोका कशाचा आहे ते कळलं पाहिजे.

कधी ‘स्मॉल पार्ट्स’च्या जागी ‘स्मॉल बॉल’ असतं. चेंडूचं माप जास्त कडक आहे, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी चपखल बसते, बाजूनं हवेला फटसुद्धा राहत नाही. म्हणून चेंडूसाठी नळी 31.7 ची न धरता सुमारे 44.5 मिलिमीटरचं भोक धरतात. त्यातून जो चेंडू आरपार जातो तो ‘छोटा चेंडू’. टेबल टेनिसचा चेंडू 40 मिलिमीटरचा असतो, म्हणजे तोही यात आला. घरी हे दोऱ्यानं मोजता येतं. चेंडूभोवती दोरा गुंडाळा. घेर 14 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर तो तीन वर्षांखालच्या लेकराच्या हातात नको.

फुग्याच्या पाकिटावरचं वय बघून बरेच जण चकित होतात. तिथे तीन नसून आठ लिहिलेलं असतं. भाषांतर असं होईल: “आठ वर्षांखालच्या मुलांच्या घशात न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा अडकून श्वास बंद होऊ शकतो. मोठं माणूस जवळ असू द्या. न फुगवलेले फुगे मुलांपासून दूर ठेवा. फुटलेला फुगा लगेच टाकून द्या.” सहा-सात वर्षांचं पोरगं तोंडात काही घालत नाही असं आपण म्हणतो, पण फुगा ते तोंडानंच फुगवतं, आणि फुगवताना श्वास आत ओढतं. रबराचा पातळ तुकडा घशावर पापुद्र्यासारखा चिकटतो. वाढदिवसाला भिंतीवर लावलेले फुगे फुटतात आणि चिंध्या रात्रभर फरशीवर पडून राहतात. पाहुणे गेल्यावर भांडी घासायच्या आधी त्या गोळा करा.

युरोपच्या खोक्यावर शब्दांऐवजी पुष्कळदा चित्रच असतं: लाल गोल, आत लेकराचा चेहरा, ‘0-3’ हा आकडा आणि त्यावरून तिरपी लाल रेघ. हे चित्र आपल्याकडे सर्रास उलटं वाचलं जातं. चेहरा दिसतो, 0-3 दिसतं, ‘शून्य ते तीन वर्षांच्या बाळासाठी’ असं वाटतं. नियमानं हे चित्र 10 मिलिमीटर असलं तरी चालतं, म्हणजे नखाएवढं. एकाच रंगात छापलं किंवा झिजलं तर रेघ दिसतच नाही. तेव्हा चेहरा आणि 0-3 दिसलं की आधी रेघ शोधायची. रेघ असेल तर अर्थ ‘तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत नाही’.

सीई ही दोन अक्षरंही तिथेच असतात. युरोपचे नियम पाळलेत असं बनवणारा स्वतः जाहीर करतो, त्याची ती खूण. आपल्याकडे विकायला ती पुरत नाही. त्याचं पुढे सांगते.

लग्नपत्रिकेची नळी

प्रयोगशाळेतली नळी घरात नसते, पण लग्नपत्रिका असतेच. त्या जाड कागदाची 10 सेंटीमीटर लांब आणि 5.7 सेंटीमीटर रुंद पट्टी कापा. एखादा मिलिमीटर जास्त झाला तरी चालेल. दोन्ही टोकं एकावर एक न चढवता कडेला कड भिडवा आणि बाहेरून चिकटपट्टी लावा. घेर 10 सेंटीमीटर म्हणजे आतली रुंदी जवळपास 31.7 मिलिमीटर. नळी टेबलावर उभी ठेवा, टेबल हा तिचा तळ. खऱ्या नळीचा तळ तिरपा असतो, आपला सपाट आहे, म्हणून आपली नळी थोडी मोठी आणि तेवढी जास्त कडक आहे. त्यात काही बिघडत नाही.

अंदाज यावा म्हणून सांगते: दहा रुपयांचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं, ते आरामात आत जातं. पाण्याच्या बाटलीचं नेहमीचं झाकणही जातं. पहिल्यांदा झाकण आत गेलेलं बघून मी गप्प झाले होते. ते एवढं छोटं आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

वहिनीच्या घरी मी ही नळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर केली आणि मासे पकडायचा खेळ तपासला. मासा सुमारे 4 सेंटीमीटर लांब आणि 2 रुंद. उभा धरला, अख्खा आत गेला. म्हणजे खेळात जेवढे मासे तेवढे बारीक तुकडे. फिरणारी थाळी मोठी, तिचा प्रश्न नाही. काठीही लांब आहे, ती नळीत मावत नाही. पण काठीच्या दोऱ्याच्या टोकाला वाटाण्याएवढा प्लास्टिकचा मणी होता आणि त्यात लोहचुंबक बसवलेलं. मी मणी दोन बोटांत धरून ओढला. एका काठीचा निघाला नाही, दुसरीचा निघाला, आणि चुंबक माझ्या तळहातावर पडलं.

चुंबकाचा धोका वेगळा आहे आणि तो तीन वर्षांवर संपत नाही. एक चुंबक गिळलं आणि थोड्या वेळानं दुसरं किंवा लोखंडाचा तुकडा गिळला, तर ती पोटात आतड्याच्या दोन वेटोळ्यांच्या आरपार एकमेकांना ओढतात. मध्ये चिमटलेल्या आतड्याला भोक पडतं. खोक्यावर ‘मॅग्नेट्स’ हा शब्द असलेली ओळ दिसली तर तिचा अर्थ हा. गिळल्याची शंका जरी आली तरी ‘पडेल शौचातून’ म्हणून थांबायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. खेळण्यातल्या चपट्या बटणसेलचंही तसंच. तो अन्ननळीत अडकला तर दोन तासांतच आतून भाजल्यासारखी जखम करू शकतो. त्या थाळीच्या सेलच्या झाकणाला स्क्रू होता, तेवढं बरं होतं.

“पण आमचं लेकरू हुशार आहे”

असेल. दोन वर्षांचं असून अंक म्हणतं, मोबाईल उघडतं. त्यानं घसा रुंद होत नाही. उलट हुशार लेकरू लवकर खोका उघडतं, झाकण फिरवतं, चिकटवलेला डोळा नखानं उकरतं. हुशारीसाठी छापलेला आकडा सल्ल्याचा, त्यात तुम्ही तुमच्या मनानं पुढे-मागे करू शकता. घशाच्या आकड्यात नाही.

“आम्ही समोरच बसलेलो असतो”

‘मोठ्यांच्या देखरेखीखाली’ ही ओळ वाचून सगळे असंच म्हणतात. पण घसा पूर्ण बंद झाला की आवाज येत नाही. लेकरू रडत नाही, ओरडत नाही. तोंड उघडं, डोळे मोठे, आणि ओठ निळे पडायला लागतात. तुम्ही त्याच खोलीत पाठ करून पोळ्या लाटत असाल तर तुम्हाला कळणार नाही. ती ओळ लक्ष ठेवायला सांगते. तुकडा दिला तरी चालेल असं ती म्हणत नाही.

लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्या. खोकला, रडणं, आवाज, सगळं थांबलं तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला पुढच्या हातावर पालथं, डोकं खाली घेऊन दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेनं पाच थापा मारा. मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेनं पाच वेळा दाबा. पुन्हा थापा. एक वर्षापुढच्या लेकराला पाठीत पाच थापा आणि मागून मिठी मारून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर पाच झटके. तुकडा डोळ्यांना दिसत नसेल तर घशात बोट घालून चाचपू नका, तो आणखी खाली जातो. दुसऱ्या माणसाला तोवर 108 लावायला सांगा.

“आम्ही चिंचोके आणि गोट्यांवर वाढलो”

मीही वाढले. चिंचोक्यांच्या खेळात मी गल्लीत कुणाला हरले नाही. पण आठवून बघा, ते खेळताना आपण किती वर्षांचे होतो? सहा, सात, आठ. दोन वर्षांच्या भावाला कुणी डावात घेत नव्हतं, आणि आजी सारखी ओरडायची की धाकट्यासमोर चिंचोके पसरू नका. खोक्यावरची ओळ म्हणजे तेच ओरडणं. शेंगदाणा, फुटाणा, सोललेली हरभऱ्याची डाळ यांचाही धोका तोच. घशाला तुकडा खेळण्याचा की खाण्याचा हे कळत नाही. खाण्याच्या वस्तूवर इशारा छापलेला नसतो, एवढाच फरक.

त्यातून एक गोष्ट निघते. मासे पकडायचा खेळ वहिनीच्या मोठ्या नातीसाठी, सहा वर्षांच्या, आणला असता तर दुकानदाराच्या दृष्टीनं सगळं बरोबर होतं. पण ती खेळते त्याच फरशीवर तिचा भाऊ रांगतो-धावतो. खोका बघताना ज्याच्यासाठी खेळणं घेतलं त्याचं वय धरू नका, घरातल्या सगळ्यात धाकट्याचं धरा. एकत्र कुटुंबात तर चुलत भावंडांसकट. थोरलीला खेळू द्यायचंच, पण टेबलावर, आणि खेळ संपला की मासे मोजून डब्यात.

“सगळ्यावरच 3+ छापतात, मग त्याला काय अर्थ?”

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो. तीन वर्षांखालच्या खेळण्याला पाडायची, ओढायची, पिळायची कडक तपासणी आहे, म्हणून काही जण तपासणी टाळायला सरसकट ‘तीन वर्षांखाली नाही’ छापून मोकळे होतात. मी एकदा अशा खोक्याचं भाषांतर केलंय. आत बाळाचा खुळखुळा होता. खुळखुळा तीन वर्षांपुढचं कोणतं लेकरू वाजवतं? मी तसं विचारलं तर ‘जे आहे तेवढं मराठीत करा’ असं उत्तर आलं. मी ते काम परत पाठवलं.

नियम अशी पळवाट मान्य करत नाहीत. खुळखुळा, दातांनी चावायची कडी, मिठीत घ्यायचं साधं मऊ अस्वल, या वस्तू मुळातच बाळाच्या आहेत. त्यांच्यावर काहीही छापलं तरी त्यांनी बाळाच्या खेळण्याचीच तपासणी पास व्हायला हवी. तुम्हाला दुकानात दिसणारी खूण ही: वस्तू उघड बाळाची आणि शिक्का 3+ चा. असं दिसलं की ते खेळणं घेऊ नका. अस्वल घेतलंच असेल तर डोळे आणि नाक चिमटीत धरून जोरात ओढून बघा, शिवणीत बोट घालून बघा. ज्याचे डोळे धाग्यानं विणलेले आहेत ते अस्वल बरं.

14+ छापण्यामागेही कधी कधी हाच हिशेब असतो, कारण आपल्याकडे खेळण्यांचा सरकारी आदेश 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला लागू आहे. वाटाण्यापेक्षा छोट्या चमकदार चुंबकगोळ्यांच्या डबीवर 14+ दिसलं तर ती घरात आणू नका.

आयएसआयची खूण आणि जत्रेतला ढीग

1 जानेवारी 2021 पासून भारतात विकायच्या बहुतेक खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. खेळणं परदेशात बनलेलं असलं तरी ही खूण लागते, त्यासाठी तिथल्या कारखान्यालाच भारतीय मानक ब्युरोचा परवाना घ्यावा लागतो. खुणेच्या वर आयएस 9873 हा क्रमांक असतो, विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्याला आयएस 15644. खुणेच्या खाली सीएम/एल या अक्षरांपुढे परवाना क्रमांक असतो. फोनवर BIS CARE हे ॲप घेऊन त्यात Verify Licence Details इथे तो क्रमांक टाकला की कारखान्याचं नाव आणि परवाना चालू आहे का ते दिसतं. नाव खोक्यावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. कुणाचा तरी क्रमांक उचलून छापलेला असू शकतो. खूण नसलेलं खेळणं दुकानात दिसलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर सांगता येतं.

आयात केलेल्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, मूळ देश आणि किंमत यांची चिठ्ठी असावी लागते. पण वेष्टनावरची ही सक्तीची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत असली की कायदा भागतो. मराठी ऐच्छिक आहे. लातूरच्या किंवा हिंगोलीच्या दुकानात मराठी ओळ दिसत नाही त्याचं कारण हे. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. इशारा ज्या आईसाठी आहे तिला तो वाचता येत नसेल तर तो छापून काय मिळवलं? दुसरं, ही चिठ्ठी पुष्कळदा नेमकी इशाऱ्यावरच चिकटवलेली असते. नख लावून उचकटून बघा.

माळेगावच्या जत्रेत किंवा आठवडी बाजारात खेळण्यांचा ढीग असतो, खोका नसतोच. तिथे वाचायला काही नाही, म्हणून बोटांवर भिस्त ठेवायची. चाक ओढा, शिट्टी हलवा, आत काही सुटं खडखडतंय का ऐका. दाबल्यावर चीं-चीं वाजणाऱ्या रबरी बाहुलीच्या पोटातली छोटी शिट्टी अंगठ्यानं ढकलून बघा, निघाली तर ती नळीत जाणारच. लाकडाच्या एकसंध गाड्या, मोठी भिंगरी, कापडी बाहुली यांत निदान सुटं होण्यासारखं कमी असतं.

वहिनीनं त्या दिवशी मणी निघालेली काठी आणि चुंबक कागदात गुंडाळून बाजूला काढलं. दुसरी काठीही काढली, कारण मला तिचा भरवसा वाटेना. मामाला वाईट वाटू नये म्हणून नातवाला फिरणारी निळी थाळी तेवढी दिली, आणि त्याला ती तेवढीच पुरली. मासे खोक्यात गेले, खोका माळ्यावर. चढवण्याआधी तिनं स्केचपेननं 3+ च्या शेजारी ठळक लिहिलं: ‘मार्च 2027 नंतर’.